जेवढं काम, तेवढी फेड

नोटीस आली तेव्हा आई गॅसवर दूध ठेवून उभी होती. मुलीने लिफाफा फोडला, पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली आणि तिसरीवर थांबली. ती पुस्तकांची प्रुफं तपासायची. ओळीवर थांबणं हा तिचा धंदाच होता. पण इतका वेळ ती कधी थांबत नसे.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"पाच महिने उशीर झाला म्हणतायत, सुनावणीला बोलावलंय. महिन्याला एक टक्का दंड. वीस लाख."

"आणि?"

'आणि' हा शब्द आई नेहमी बरोबर जागी टाकायची. मुलीने तिसरी ओळ मोठ्याने वाचली. "सदर विलंब हा कंत्राटदाराच्या आर्थिक अकार्यक्षमतेमुळे झाला असल्याचे दिसून येते."

दूध उतू गेलं. दोघींपैकी कोणीच गॅस बंद करायला वळलं नाही.

बाबांना जाऊन तेरा महिने झाले होते. पाणीपुरवठा मंडळाची उंच टाकी आणि तिच्या पायथ्याचं पंपघर हे त्यांचं शेवटचं काम. चार कोटींचं. काम अर्ध्यावर असताना ते एका सकाळी टाकीच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर टेकले आणि उठलेच नाहीत. पुढचं काम मुकादमाने ओढलं. वारस म्हणून कागदावर मुलीचं नाव लागलं आणि ती सह्या करत गेली. टाकी उभी राहिली, भरली, गळली नाही. गावाला पाणी मिळू लागलं. आता प्रत्येक बिलातून पाच टक्के कापून मंडळाने अडकवून ठेवलेली रक्कम परत यायची होती. तीही बरोबर वीस लाख. बाबांनी घर बँकेकडे ठेवून मजुरांचे पगार भागवले होते. ते वीस लाख आले तर घर सुटणार होतं. दंड आणि परतावा यांची वजाबाकी केली की हातात शून्य उरत होतं. इतकी सुबक वजाबाकी आयुष्यात क्वचितच जमते.

"बाबांचे पैसे कधी कमी पडले होते का गं, एखाद्या कामात?" मुलीने विचारलं.

"कमी पडायचे. कुणाचे पडत नाहीत? पण मजुराचा शनिवार चुकला नाही कधी. हे एकच काम असं." आईने शेवटी गॅस बंद केला. "तिसऱ्या बिलानंतर ते जेवायचे थांबले. म्हणजे ताटावर बसायचे, पण जेवायचे नाहीत."

तिसरं बिल. मुलीने कपाट उघडलं.

बाबांनी तिला ही गोष्ट लहानपणीच समजावली होती, उचलीच्या भाषेत. मजूर कामावर यायच्या आधी उचल घेतो, घरी चार दाणे टाकून येतो, मग ती उचल पगारातून थोडी थोडी फिटते. कंत्राटदारही मजूरच, जरा मोठा. काम मिळालं की मंडळ त्याला आगाऊ रक्कम देतं. तिचं नाव मोठं भारदस्त, मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स; साइटवर सगळे नुसतं अ‍ॅडव्हान्स म्हणतात. त्यातून मिक्सर आणायचा, सेंट्रिंगच्या प्लेटा आणायच्या, मजुरांच्या झोपड्या उभ्या करायच्या. बदल्यात बँकेची गॅरंटी द्यायची. मग जसजसं काम होईल तसतशी रनिंग बिलं निघतात आणि प्रत्येक बिलातून अ‍ॅडव्हान्सचा ठरलेला हिस्सा कापला जातो. "जेवढं काम, तेवढी फेड," बाबा म्हणायचे. "मजुराच्या पहिल्याच पगारातून सगळी उचल कापलीस तर तो दुसऱ्या दिवशी येईल का? आणि आला तर काय खाऊन येईल?"

करारात हेच सरकारी भाषेत लिहिलं होतं. चाळीस लाख अ‍ॅडव्हान्स. प्रत्येक बिलातील कामाच्या साडेबारा टक्के वसुली. म्हणजे ऐंशी टक्के काम होईल तेव्हा सगळा अ‍ॅडव्हान्स फिटलेला असेल. तिने गुणाकार करून पाहिला. जुळत होता.

मग तिने बिलं एकाखाली एक मांडली. पहिलं बिल साठ लाखांचं, वसुली साडेसात. दुसरं साठ लाखांचं, वसुली साडेसात. तिसरंही साठच लाखांचं.

वसुली साडेबावीस.

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच होता. साठ लाखांच्या बिलातून ही वसुली आणि अडकवायचे पाच टक्के गेले की करबिर कापायच्या आधीच हातात उरत होते साडेचौतीस. चौथं बिल नुसतं तीस लाखांचं होतं आणि त्यात अ‍ॅडव्हान्सचे उरलेसुरले अडीच लाख कापून, खाली लाल शाईत "पूर्ण वसूल" असा शेरा मारला होता. तोपर्यंत काम झालं होतं साडेबावन्न टक्के.

तिसऱ्या बिलाच्या तळाशी "मान्य" या शब्दापुढे बाबांची सही होती. नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

मुलीला राग आला, पण तो अजून कोणावर काढायचा हे तिला कळत नव्हतं. थोडा स्वतःवरही आला. पुढची तीन बिलं तिनेच सही करून घेतली होती. परक्यांच्या पुस्तकातला चुकलेला अनुस्वार तिला दिसायचा, आणि घरच्या कपाटातले पंधरा लाख तेरा महिने दिसले नव्हते.

मंडळाच्या लेखाशाखेत जाळीच्या खिडकीआड एक गृहस्थ बसायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. बाबांनी त्यांचं नाव लालशाई ठेवलं होतं आणि ते त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

"या ताई. वडील गेले, फार वाईट झालं," ते म्हणाले. "देवमाणूस. माझ्याशी कधी आवाज चढवला नाही."

"त्याचाच उपयोग झाला तुम्हाला," ती म्हणाली आणि तिसरं बिल जाळीखालून सरकवलं. "हे साडेबावीस कुठून आले?"

लालशाईंनी बिल वाचलं नाही. न वाचताच ते ओळखत होते, हे तिच्या लक्षात आलं.

"असं बघा," त्यांनी हळू आवाजात सुरुवात केली. "रनिंग बिलात काम कसं लिहितात? आजवरचं एकूण. पहिल्या दिवसापासूनचं. त्यातून मागच्या बिलापर्यंतचं वजा केलं की उरतं ते या बिलाचं. वसुलीही तशीच मांडायची. आजवरच्या कामावर साडेबारा टक्के, आणि त्यातून आधी कापलेलं वजा."

"आजवरचं काम एकशे ऐंशी. साडेबारा टक्के म्हणजे साडेबावीस. बरोबर. त्यातून आधीचे पंधरा वजा कोणी करायचे?"

लालशाईंनी निळं पेन खिशातून काढलं आणि परत ठेवलं. "तेवढी ओळ राहिली. तेव्हा नवा तक्ता आला होता. जुन्या तक्त्यात ती ओळ छापलेली असायची, नव्यात हाताने लिहायची होती."

"म्हणजे जे पंधरा लाख बाबांनी आधीच फेडले होते ते तुम्ही परत एकदा कापून घेतले."

"परत एकदा नाही हो!" ते एकदम सावरले. "असं म्हणू नका, चोरी केल्यासारखं होतं. एक पैसा जास्त घेतला का? एकूण वसुली किती? चाळीस. अ‍ॅडव्हान्स किती? चाळीस. पुढच्या बिलांत आम्ही काही कापलंच नाही की. तुम्हीच घेतलीत ती बिलं. मग आधी कापले काय नि नंतर कापले काय? उलट ओझं लवकर उतरलं."

मागच्या टेबलावर कोणीतरी फायलीची नाडी बांधत होतं.

"काका, तुमचा पुढच्या दोन महिन्यांचा पगार आजच कापून घेतला आणि तिसऱ्या महिन्यापासून पूर्ण दिला, तर चालेल? वर्षाचा हिशोब तोच राहतो."

"ताई, माणूस आहे, चूक होते."

"चुकीबद्दल नाही बोलत मी. चूक कळल्यावर काय केलंत?"

लालशाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "ते आले होते. त्याच खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, आता बिल मागे घेतलं तर वरून खाली सगळ्या सह्या नव्याने. महिना जाईल. शिवाय ऑडिटला माझं नाव. म्हटलं, आत्ता सही करा, पुढच्या बिलात बघू. ते म्हणाले, सळई बांधणारे शनिवारी पैसे घेऊन जायला बसलेत, महिना कुठून थांबू? केली सही."

"आणि पुढच्या बिलात काय बघितलंत?"

"पुढच्या बिलात…" त्यांनी लाल पेनाचं टोपण उघडलं, बंद केलं. "पुढच्या बिलात उरलेले अडीच लाख होते. आमचे कार्यकारी साहेब म्हणाले, कशाला ठेवता शेपूट, संपवून टाका."

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. इथे तर बायजीने आयजीच्या पैशांनी स्वतःची लाज झाकली होती. मुलीने बिल उचललं.

"सुनावणीला हेच सांगाल?"

"मला कोण विचारतंय?" लालशाई म्हणाले. "आणि खरं सांगू का, त्यांची सही आहे ना मान्य म्हणून. निषेध लिहून सही करता येते, सगळे कंत्राटदार करतात. त्यांनी लिहिला नाही. कागद तेवढंच बोलतो."

घरी आल्यावर तिने चपला भिरकावल्या. असं ती कधी करत नसे. "चोर सोडून संन्याशाला फाशी आहे ही, आई! पैसे यांनी अडवले, आणि वर अकार्यक्षम बाबा!"

"ओरड," आई म्हणाली. "तेरा महिने झाले, तू एकदाही ओरडली नाहीस."

मग ती ओरडली नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. टाकीखालची पत्र्याची शेड मोडली होती, तिथली बाबांची पेटी त्याने खांद्यावरून आणली. तीस वर्षं बाबांबरोबर काढलेला माणूस. खुर्चीत बसताना अजूनही काठावर बसायचा.

"वहिनी, ही मालकांची पेटी. मोजपट्ट्या आहेत, ओळंबा आहे, कागद आहेत. कागदातलं मला कळत नाही, म्हणून एकही फेकला नाही."

"मुकादम, तिसऱ्या बिलानंतर नक्की काय झालं साइटवर?" मुलीने विचारलं.

"काय व्हायचं ताई. सळईच्या व्यापाऱ्याने गाडी दारातून परत नेली. मागचं दे, मग पुढचं घे म्हणाला. सळई बांधणारी टोळी दोन शनिवार थांबली. तिसऱ्या शनिवारी त्यांचा म्होरक्या मालकांच्या पाया पडला आणि म्हणाला, तुमच्यावर राग नाही, पण घरी पोरं आहेत. गेले. मालकांनी बँकेतून पैसे आणले तोवर ते दुसऱ्या कामावर लागले होते. नवी टोळी मिळायला किती महिने गेले ते तुम्हीच धरा. टाकीचे खांब तसेच उभे, डोक्यावर सळया उघड्या. मालक रोज जाऊन गंज बघायचे. मी म्हणायचो, बघून गंज कमी होणार आहे का? म्हणायचे, नाही रे, पण कोणीतरी बघितला पाहिजे."

मुलीने पेटी उघडली. ओळंब्याच्या दोरीखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन पत्रं होती.

पहिलं बाबांचं, चौथ्या बिलानंतरचं, मंडळाच्या आवक शिक्क्यासह. अर्ध्या पानाचं. तक्रार नव्हती त्यात, विनंती होती. माझ्याकडून अ‍ॅडव्हान्स पूर्ण वसूल झाला आहे, तरी त्यापोटी दिलेली बँक गॅरंटी कृपया परत करावी, म्हणजे बँकेने त्यासाठी अडकवलेली माझी बारा लाखांची ठेव मोकळी होईल व काम वेगाने पुढे नेता येईल.

दुसरं मंडळाचं उत्तर, खाली कार्यकारी अभियंत्यांची सही. मुलीने ते उभ्याउभ्याच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं.

"करारातील अटीनुसार अ‍ॅडव्हान्सची वसुली कामाच्या प्रमाणात, ऐंशी टक्के काम पूर्ण होईपर्यंत करावयाची आहे. सद्यस्थितीत काम साडेबावन्न टक्केच झाले असल्याने गॅरंटी परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही."

'कामाच्या प्रमाणात' या शब्दांखाली पेन्सिलीची एक बारीक रेघ होती. पट्टीने मारलेली. बाबा रागावले तरी रेघ पट्टीनेच मारायचे.

तिने पत्राची तारीख पाहिली. त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले होते.

घेताना पूर्ण, देताना प्रमाणात. एकाच कचेरीने एकाच माणसाला, एकाच महिन्यात. आईने ते पत्र हातात घेतलं, वाचून त्याची घडी घातली आणि म्हणाली, "सुनावणीला गेलीस की घाईत सही करू नकोस. त्यांनी केली होती. घराचं माझं मी बघेन."

सुनावणी मोठ्या साहेबांच्या दालनात होती. मोठे साहेब बदलून आलेले, नवे. शेजारी कार्यकारी साहेब, ज्यांच्या सहीने नोटीस आली होती. भिंतीलगत लालशाई, मांडीवर फाईल घेऊन.

"वडिलांबद्दल आदर आहेच," कार्यकारी साहेब म्हणाले, "पण काम पैशावर चालतं. ज्याची ताकद नाही त्याने एवढं काम घेऊ नये. नाकापेक्षा मोती जड झाला, दुसरं काय."

"साहेब, त्यांची ताकद मोजू या," मुलगी म्हणाली. "साडेबावन्न टक्के कामाला प्रमाणात वसुली किती होते?"

"ते लेखाशाखा सांगेल."

मोठ्या साहेबांनी लालशाईंकडे पाहिलं. "सांगा."

लालशाई उभे राहिले. "दोनशे दहा लाखांवर साडेबारा टक्के. सव्वीस लाख पंचवीस हजार."

"आणि प्रत्यक्ष केली किती?"

"चाळीस लाख."

"का?"

लालशाईंनी फाईल उघडली. कार्यकारी साहेब म्हणाले, "सर, कंत्राटदाराने ते बिल निषेधाशिवाय मान्य केलंय. वसुलीच्या पद्धतीला त्यांची संमतीच होती असं—"

"मग हे कोणाला मान्य होतं?" मुलीने त्यांच्या सहीचं पत्र मोठ्या साहेबांसमोर ठेवलं आणि त्याशेजारी चौथं बिल, लाल शेऱ्यासह. "साहेबांनीच लिहिलंय, वसुली प्रमाणात करायची असते. गॅरंटी द्यायची नव्हती तेव्हा त्यांना अट तोंडपाठ होती. आमचे पावणेचौदा लाख वेळेआधी त्यांच्याकडे, बारा लाखांची ठेव त्यांच्यामुळे बँकेकडे. पावणेसव्वीस लाख बांधून ठेवायचे आणि विचारायचं, धावत का नाहीस?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं कार्यकारी साहेबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद दोनदा वाचले. मग लालशाईंना विचारलं, "त्यांनी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं?"

लालशाईंनी कार्यकारी साहेबांकडे पाहिलं, मग फाईलकडे. "सांगितलं होतं, सर. बिलावर सही करायच्या आधी."

आठ दिवसांनी आदेश आला. दंड रद्द. पाच महिन्यांची मुदतवाढ मंजूर. वीस लाख परत करण्यास हरकत नाही. कारण: "अपरिहार्य प्रशासकीय बाबींमुळे."

मुकादमाने पेढे आणायची तयारी केली. मुलीने त्याला थांबवलं. आदेशात कोणाची चूक नव्हती, कोणाचं नाव नव्हतं. ढग येतात तसे पाच महिने आले आणि गेले. 'आर्थिक अकार्यक्षमता' हे शब्द मागे घेतो असं आदेशात कुठेही नव्हतं. नोटीस फाईलमध्ये तशीच राहणार होती.

अंतिम बिलावर सही करायला ती जाळीच्या खिडकीपाशी गेली. कार्यकारी साहेब लेखाशाखेत मुद्दाम येऊन उभे होते.

"झालं ना मनासारखं? करा सही. इथे, मान्य आणि कोणतीही मागणी शिल्लक नाही."

तिने पेन घेतलं आणि सहीच्या जागेच्या वर, प्रुफं तपासताना लिहायची तशा स्वच्छ अक्षरात लिहिलं: "रक्कम मिळेल ती मान्य. परंतु तिसऱ्या रनिंग बिलात पंधरा लाख अटीपेक्षा जास्त कापल्यामुळे काम थांबले. विलंब कंत्राटदाराचा नव्हता. ही नोंद ठेवून सही."

कार्यकारी साहेबांनी वाचलं. "असं चालत नाही. हे बिल परत जाईल. सगळ्या सह्या पहिल्यापासून. महिना जाईल, कदाचित दोन."

"जाऊ द्या."

"बँकेचा हप्ता आहे तुमच्या आईच्या डोक्यावर. भावनेत वाहू नका."

"साहेब," ती म्हणाली, "बाबांनी सही केली, कारण बाहेर सळई बांधणारे शनिवारची वाट बघत बसले होते. माझ्यासाठी बाहेर कोणी बसलेलं नाही. मी महिना थांबू शकते, दोन थांबू शकते. तुम्ही सांगा, तुमच्या ऑडिटला किती थांबता येतं?"

जाळीच्या खिडकीतून एक हात आला आणि बिल आत घेऊन गेला. लालशाईंनी तिच्या ओळी वाचल्या, बोटाने एकेक शब्द सरकवत. मग त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, ओळींच्या शेजारी "नोंद घेतली" असं लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली, तारखेसह.

"अहो, काय करताय?" कार्यकारी साहेब म्हणाले.

"दोन वर्षं उरलीत साहेब," लालशाई म्हणाले. "ओळ राहून जायला नको. तेव्हा राहिली होती."

मग ते तिच्याकडे वळले. माफी मागतील असं वाटलं. त्यांच्या ओठांवर काहीतरी येऊनही गेलं. पण तिने त्यांना वेळ दिला नाही. माफी घ्यायची तर ती घ्यायला बाबा हवे होते. तिचा तो अधिकार नव्हता, आणि तिला द्यायचीही नव्हती.

"शिक्का मारा," ती म्हणाली.

त्यांनी मारला.

"आता याची एक झेरॉक्स द्या," ती म्हणाली. "पेटीत ठेवायची आहे."